द्राक्षांच्या हंगामात मळ्यावर मुक्काम: निफाड-दिंडोरीकडे सहकुटुंब राहायला जाण्यापूर्वी

थंडी पडू लागली की मुंबई-ठाण्याकडचे नातेवाईक आम्हा नाशिककरांना हमखास एक गोष्ट विचारतात: मुलांना शेती दाखवायची आहे, द्राक्षांच्या मळ्यात दोन दिवस राहायची सोय होईल का? सोय होते. मात्र द्राक्षांचा हंगाम हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा काळ असतो आणि त्या दिवसांत मळा हे सहलीचे ठिकाण नसून कामाची जागा असते, हे ध्यानात न घेता आखलेला मुक्काम दोन्ही बाजूंना जड जातो. पाहुणे कंटाळतात आणि यजमान अवघडतात. म्हणून माझे पहिले सांगणे असे की मुक्कामाची आखणी आपल्या सुट्टीपासून नव्हे, तर मळ्यातल्या कामापासून सुरू करावी. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. उदाहरण म्हणून माझ्या आतेभावाच्या ठाण्याच्या कुटुंबासाठी निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी केलेली आखणी सोबत घेतली आहे. त्या कुटुंबात नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या माझ्या आत्या, अशी पाच माणसे होती.

१. आधी काम ठरवा, मग तारीख, मग गाव

द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराची ती खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली ती गोडी छाटणी, जिच्यावर फळ येते. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने लागतात. त्यामुळे निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात खाण्याजोगी द्राक्षे मुख्यतः जानेवारीच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंत मिळतात. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांची येथेच निराशा होते. तेव्हा बहुतेक बागांत मणी कडक आणि आंबट असतात. जानेवारीत आलात तरी अनेक बागांत, विशेषतः निर्यातीसाठी राखलेल्या बागांत, घड दिसणारच नाहीत, कारण थंडीने आणि उन्हाने मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून प्रत्येक घडाला कागद गुंडाळलेला असतो. ओळीच्या ओळी वर्तमानपत्रे लटकत असलेली पाहून मुले विचारतात की द्राक्षे कुठे आहेत.

दुसरी बाब थंडीची. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे किमान तापमान डिसेंबर-जानेवारीत अनेकदा राज्यातल्या नीचांकी आकड्यांत असते आणि काही पहाटे ते पाच अंशांच्याही खाली जाते. मळ्यातल्या घरांना पत्र्याचे छप्पर असेल तर ही थंडी आतही जाणवते. घरात वृद्ध किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर जानेवारी टाळावा.

कांद्याची लागवड पाहायची असेल तर मात्र जानेवारीच योग्य आहे, कारण उन्हाळ कांद्याचे रोप तेव्हा वाफ्यात लावले जाते. सगळे एकाच वेळी साधत नाही. आम्ही द्राक्षांना प्राधान्य दिले आणि आत्यांची प्रकृती लक्षात घेऊन फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. त्या सुमारास पहाट गार असली तरी सोसवते, दुपार तापू लागते आणि हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी आम्ही जाणीवपूर्वक सोडली. त्या दिवसांत महामार्गावर आणि मुक्कामाच्या ठिकाणांवर गर्दी असते.

२. पर्यटन केंद्र की शेतकऱ्याचे घर, हे ओळखा

‘शेतावर मुक्काम’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे कृषी पर्यटन केंद्र. तेथे खोल्यांना जोडून स्वच्छतागृह असते, गरम पाण्याचा गिझर असतो, ठरलेल्या वेळी जेवण आणि बैलगाडीची फेरी असते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आल्यापासून अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. दुसरी म्हणजे शेतकऱ्याचे राहते घर, जेथे ओळखीतून एखादी खोली पाहुण्यांना दिली जाते. तेथे खरे काम दिसते, पण सोय घरच्यापुरतीच असते.

यात उच्च-नीच काही नाही. ज्यांना कमोड, गिझर आणि स्वतंत्र खोली हवीच आहे त्यांनी निःसंकोच केंद्र निवडावे, पण मग तेथे हंगामाची धांदल पाहायला मिळेल ही अपेक्षा सोडावी. ज्या केंद्राच्या जाहिरातीत तरणतलाव आणि कृत्रिम पावसातला नाच आधी येतो आणि पिकाचे नाव शेवटी, तेथे बाग बहुधा शोभेपुरती असते, असा माझा तरी अनुभव आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला असलेल्या वाइनरीतला मुक्काम हा तिसराच प्रकार. तेथली द्राक्षे वाइनची, लहान मण्यांची आणि बियांची असतात, त्यामुळे टेबलावर खायच्या द्राक्षांची शेती पाहायला तेथे जाऊ नये.

३. फोनवर विचारायचे प्रश्न

आम्ही घर निवडले. पहिल्याच फोनवर मी विचारले, “दादा, मण्यांत पाणी उतरलंय का?” मणी मऊ पडून गोडी भरू लागली की बागायतदार ‘पाणी उतरले’ असे म्हणतात. त्यानंतर साधारण महिनाभराने माल काढणीला येतो. हा एक प्रश्न विचारला की समोरच्यालाही कळते की पाहुण्यांना कामाची थोडीफार जाण आहे आणि पुढचे बोलणे मोकळेपणाने होते.

दुसरा प्रश्न काढणीचा होता. आतेभावाला काढणी पाहायचीच होती. त्यावर दादा म्हणाले, “ताई, सौदा झाला की आमच्या हातात काही राहत नाही. व्यापारी रात्री फोन करतो अन् सकाळी सातला गाडी बांधावर उभी. त्या दिवशी तुम्हाला चहा विचारायलाही घरात कोणी नसेल.” हे अगदी खरे आहे. काढणीच्या दिवशी मजुरांची टोळी येते, उन्हे चढण्याआधी घड कापून क्रेटमध्ये भरायचे असतात आणि घरातली सगळी माणसे वजन, प्रतवारी आणि गाडी यांत गुंतलेली असतात. शिवाय काढणीची तारीख बाजारभावावर अवलंबून असल्याने ती आठवडाभर आधी कोणी सांगू शकत नाही. म्हणून काढणी दिसलीच पाहिजे, या अटीवर मुक्काम ठरवू नये. आमचे असे ठरले की मोठ्या प्लॉटचा सौदा आमच्या दोन दिवसांत आला, तर आम्ही बांधावरून पाहू, मध्ये येणार नाही आणि त्या दिवशीचा स्वयंपाक आम्हीच करू. तसा प्रसंग आला नाही, पण आधी बोलून ठेवल्याने दोन्ही बाजूंचे ओझे उतरले.

तिसरा प्रश्न फवारणीचा. शेवटची फवारणी कधी झाली आणि मुक्कामाच्या दिवसांत पुन्हा होणार आहे का, हे स्पष्ट विचारावे. प्रत्येक औषधाला फवारणीनंतर किती दिवस फळ काढायचे नाही याची मुदत असते. बागायतदार तिला ‘पीएचआय’ म्हणतात आणि निर्यातीचा माल काढणारे तिची लेखी नोंद ठेवतात. उत्तर ‘आम्ही काही मारतच नाही’ असे आले तर मी सावध होते, कारण या पट्ट्यात भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांपासून बाग वाचवायला बहुतेकांना फवारणी करावीच लागते. ‘अमक्या तारखेला मारले, आता त्या बाजूच्या चार ओळींत खा’ असे उत्तर देणारा माणूस भरवशाचा.

उरलेले प्रश्न पटकन आटोपतात: शौचालय घरात आहे की अंगणापलीकडे, भारतीय पद्धतीचे आहे की कमोडचे, अंघोळीला गरम पाणी कशावर तापते, गादी मिळेल की सतरंजी, आणि घर गावठाणात आहे की मळ्यातल्या वस्तीवर. आत्यांच्या गुडघ्यांमुळे शौचालयाचा प्रश्न आमच्यासाठी निर्णायक होता. तेथे भारतीय पद्धतीचेच होते, म्हणून आम्ही नाशिकहून घडीची कमोड खुर्ची सोबत नेली. यजमानांना वाईट वाटेल म्हणून असे प्रश्न टाळले जातात आणि मग पहिल्याच रात्री त्रास सुरू होतो.

४. सोयीविषयी खरे चित्र

सर्वांत मोठा गैरसमज विजेबद्दलचा आहे. शेतीपंपांची थ्री-फेज वीज चोवीस तास नसते. ती पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. मळ्यातली वस्ती शेतीच्याच वाहिनीवर असेल तर घरातल्या विजेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. रात्रीची पाळी असेल तर मध्यरात्री ‘लाइट आली’ म्हणून घरातला माणूस मोटार चालू करायला उठतो, कुत्री भुंकतात, दार वाजते. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण आधी माहीत असलेले बरे. अलीकडे काही भागांत सौर वाहिन्यांमुळे दिवसा वीज मिळू लागली आहे, तरीही मोबाइल भरण्यासाठी पॉवर बँक आणि हातात टॉर्च हवाच.

अंघोळीचे पाणी आमच्या यजमानांकडे बंबात तापत असे. बंबाला जळण लागते आणि एका वेळी दोन-तीन माणसांपुरतेच पाणी तापते, त्यामुळे पाच जणांनी सकाळी एकदम अंघोळीचा आग्रह धरू नये. आम्ही मुलांची अंघोळ दुपारी उन्हात उरकली. गोठा घराला लागून असेल तर शेणाचा वास आणि माश्या असणारच, त्यावर तक्रार करण्याला अर्थ नाही. संध्याकाळी डास येतात.

जेवणाबाबत आधीच सांगून ठेवावे की रोजचेच चालेल. पाहुण्यांसाठी मुद्दाम पनीर आणण्याची धडपड घराघरांत होते. बाजरीची भाकरी, पिठले, वांग्याचे भरीत, कांद्याची पात, शेवेची भाजी असे जेवण थंडीत उत्तम असते. तिखटाचे प्रमाण मात्र मुलांना झेपणारे नसते, म्हणून लहानांसाठी वरण-भात आणि दूध वेगळे सांगावे. धारेचे दूध तसेच पिण्याचा हट्ट धरू नये, ते उकळूनच घ्यावे. पिण्याचे पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असते. पोटाची तक्रार लगेच होणाऱ्यांनी ते उकळून घ्यावे किंवा स्वतःचे न्यावे.

५. दोन दिवसांची आखणी

मळ्यावर अंधार पडण्यापूर्वी पोचावे, कारण मुख्य रस्ता सोडल्यावर वस्तीकडे जाणाऱ्या शिवाररस्त्यावर पाटी नसते आणि मोबाइलवरचा नकाशा कालव्याच्या कडेला नेऊन सोडतो. ठाण्याहून निघालेले कुटुंब सकाळी लवकर निघून नाशिकला जेवले आणि चारच्या आत मळ्यावर पोचले. त्या संध्याकाळी काहीच ठरवले नव्हते. मुलांनी साडेपाचची धार पाहिली. गायीच्या मागे उभे राहायचे नाही, बाजूला आणि तिला दिसेल असे उभे राहायचे, एवढा एक नियम यजमानांच्या घरच्या वहिनींनी सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बागेत गेलो. दादांनी एका घडाच्या शेंड्याकडचा मणी तोडला, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर त्याच्या रसाचा थेंब पिळला, झाकण मिटले आणि ते दुर्बिणीसारखे मुलाच्या डोळ्याला लावले. आत एक पट्टी दिसते, खाली पांढरी आणि वर निळी, आणि दोहोंच्या सीमेवर जो आकडा येतो ती साखर. मुलाने ‘सतरा’ वाचले. खांद्याकडचा, म्हणजे घडाच्या वरच्या भागातला मणी लावला तर आकडा एकोणीस आला. एकाच घडात फरक का, यावर पाऊण तास बोलणे चालले आणि माझ्या मते दोन दिवसांतला हाच सर्वांत मोलाचा वेळ होता. यजमानांकडे हे उपकरण बहुधा असतेच, फक्त ते दाखवण्यासारखे आहे असे त्यांना वाटत नाही, म्हणून आपणच विचारावे.

घड कापायला मिळेल का? मिळेल, पण दोन-चारच, आणि घरगुती खाण्यासाठी राखलेल्या ओळीतले. घड हातात मण्यांनी नव्हे तर देठाने धरायचा असतो, कारण मण्यांवरचा पांढुरका थर बोटांनी पुसला गेला की माल हाताळलेला दिसतो आणि भाव उतरतो. पाच वर्षांच्या मुलीच्या हाती कात्री देऊ नये. तिला क्रेटमध्ये घड अलगद ठेवण्याचे काम दिले आणि ते तिला वीस मिनिटे पुरले. लहान मुलांचा उत्साह एका कामावर अर्ध्या तासाहून जास्त टिकत नाही, म्हणून ‘दिवसभर शेतात काम’ अशी आखणी करू नये. कांद्याच्या लागवडीला गेलात तर यजमानांकडून एक कडेचा वाफा मागून घ्यावा. लागवड बहुतेक मजूर बायकांना उक्ती, म्हणजे कामाची एकूण रक्कम ठरवून दिलेली असते आणि आपण वाकडे लावलेले रोप त्यांना पुन्हा लावावे लागते, त्यात त्यांचा वेळ जातो.

अकरा ते चार हा वेळ रिकामा ठेवावा. घरची माणसेही उन्हात विसावतात. शहरातल्या मुलांना हा रिकामा वेळ सर्वांत अवघड जातो, तेव्हा पत्ते किंवा वही-रंग सोबत असावेत. चारनंतर हरभऱ्याचे डहाळे उपटून काट्याकुट्यांच्या जाळावर हुळा भाजला, आणि आत्या ज्या कारणासाठी आल्या होत्या ते त्यांना मिळाले.

तिसऱ्या दिवशी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरली. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके मोठ्या संख्येने असतात, पण सूर्योदयाच्या आसपास पोचले तरच चांगली दिसतात. लासलगावचे कांदा लिलाव पाहायचे असतील तर मुक्काम सोमवारपर्यंत वाढवावा लागतो, कारण रविवारी लिलाव नसतात.

६. ज्या गोष्टींत सूट नाही

फवारणी चालू असेल त्या दिवशी मुलांना बागेत नेऊ नये, ट्रॅक्टरचा आवाज कितीही मोहक वाटला तरी. पानांवर निळसर किंवा पांढरे डाग दिसले, औषधाचा उग्र वास आला, तर यजमानांना विचारल्याशिवाय एकही मणी तोंडात टाकू नये, आणि विचारल्यावरही धुऊनच खावा. औषधांची खोली आणि रिकामे डबे कुठे आहेत हे पहिल्याच संध्याकाळी पाहून मुलांना ती जागा वर्ज्य करावी. विहीर आणि शेततळे यांचेही तेच. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो आणि पडलेल्याला वर चढता येत नाही.

गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. अंधार पडल्यावर मुलांनी एकट्याने अंगणाबाहेर जाऊ नये, शौचाला जाताना मोठे माणूस आणि टॉर्च सोबत असावा, आणि उघड्यावर वाकून किंवा बसून राहू नये. बिबट्या दिसल्यास त्याच्या मागे फोटोसाठी धावू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. विंचू किंवा साप चावल्यास गावठी उपायांत वेळ न घालवता थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे.

बागेत काम करणारी माणसे अनेकदा पेठ, सुरगाणा भागातून हंगामासाठी आलेली असतात. त्यांचे फोटो न विचारता काढू नयेत. मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही, मोठ्यांनाच लागते.

७. सोबत न्यायच्या वस्तू आणि कागद

प्रत्येक प्रौढाच्या ओळखपत्राची प्रत, चालू औषधांची चिठ्ठी आणि किमान चार दिवसांची औषधे घ्यावीत. बंद बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, टॉर्च, डासांचे मलम, ओआरएस, टॉवेल, जुनी चादर आणि लोकरीचे कपडे हवेत. रोख रक्कम जरूर ठेवावी, कारण मोबाइलला रेंज नसेल तेथे यूपीआय चालत नाही. यजमानांच्या घरी मुले असतील तर पैसे देण्याऐवजी वह्या किंवा गोष्टींची पुस्तके न्यावीत.

८. हिशेब आणि निघताना

ओळखीचे घर असले तरी पैशांचे बोलणे आधी व्हावे, आणि ते आपणच काढावे, कारण यजमान संकोचाने काढत नाहीत. आमचे ठरले ते असे: दोन वेळचे जेवण, न्याहारी आणि चहा धरून मोठ्यांना माणशी दिवसाला दीड हजार रुपये, मुलांना निम्मे. तीन मोठे, दोन मुले आणि दोन दिवस मिळून बारा हजार झाले, त्यातले तीन हजार आगाऊ दिले. बागेत खाल्लेली द्राक्षे त्यात धरली होती. घरी न्यायची मात्र वजनावर वेगळी, आणि तेथे व्यापाऱ्याच्या दराशी घासाघीस केली नाही. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर मुक्काम रद्द होईल आणि आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल, हेही बोलून ठेवावे. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या बागेत पाहुणे म्हणून जाऊ नये.

न्यायचे घड निघण्याच्या दिवशी सकाळी कापून घ्यावेत. ते धुऊ नयेत, कारण ओले घड वाटेत सडू लागतात. उथळ खोक्यात कागद अंथरून एकच थर लावावा, देठ वर ठेवावेत आणि खोके गाडीच्या डिकीत न ठेवता पायांशी सावलीत ठेवावे. घरी पोचल्यावर फुटके मणी कात्रीने काढून बाकीचे घड तसेच फ्रीजमध्ये ठेवावेत आणि खाण्याच्या वेळी हवे तेवढेच धुवावेत.